आधीच लिहून ठेवलेला निष्कर्ष

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार होती. बाबा संघटनेचं काम करायचे. मोर्चा असो, सभा असो, कुणावर अन्याय झालेला असो, आधी पत्रक निघायचं. छापखान्यातून गठ्ठा आला की आई आणि मी जेवणाच्या सतरंजीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. घड्या घालताना मी वाचत जायची. मला बाराखडीच्या पुस्तकापेक्षा 'बंधू-भगिनींनो' हा शब्द आधी वाचता आला असेल. त्यामुळे लिहायचं म्हणजे कुणाला तरी जाब विचारायचा, हे माझ्या हातात लहानपणीच बसलं. पुढे कॉलेजच्या निबंधातही मी शेवटी मागण्या लिहायची.

बी.ए. झाल्यावर मी नांदेडला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला आले. ज्या अभ्यासिकेत जागा घेतली, तिथे सगळ्यांची मोठी पंचाईत झालेली होती. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेचं स्वरूप बदललं होतं. इतकी वर्षं चार पर्यायांतला एक गोल काळा करणाऱ्या मंडळींना आता पानंच्या पानं लिहायची होती. गोल रंगवण्यात मुरलेली मोठी माणसं पहिलीतल्या पोरांसारखी बोटं चोळत बसायची. पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून कुणी विचारायचं, "तुझा अंगठा बी दुखून राहिला का रे?" आणि दुसरा म्हणायचा, "अंगठ्याचं सोड, डोकंच चालून न्हाई राहिलं. ऑप्शन दिसल्याशिवाय मला उत्तर आठवतच न्हाई."

याच अभ्यासिकेत मला आपा भेटली. ती कंधारची. तिच्या वडिलांचं आणि दोन्ही भावांचं तिथे शिलाईचं दुकान. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, बी.एड. झालेली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन परत आलेली. तिची पहिली खोली-सोबतीण लग्न करून गेल्यावर मी तिच्या खोलीत राहायला गेले. ती मला छोटी म्हणायची आणि मी तिला आपा, म्हणजे मोठी बहीण.

आपा कमालीची टापटीप होती. तिच्या कपाटातल्या ओढण्या रंगाप्रमाणे लावलेल्या असत, आणि तिची उत्तरंही. कुठल्याशा क्लासच्या नोट्सवरून तिने समाजशास्त्राच्या प्रत्येक प्रकारच्या प्रश्नासाठी साचा तयार करून ठेवला होता. व्याख्येने सुरू होणारी प्रस्तावना, इतिहासाने सुरू होणारी प्रस्तावना, आकडेवारीने सुरू होणारी प्रस्तावना. मग मुख्य भाग: सामाजिक, आर्थिक, राजकीय, सांस्कृतिक, प्रत्येकाखाली दोन मुद्दे. मग निष्कर्ष, त्यात 'समतोल', 'सर्वसमावेशक' आणि 'शाश्वत' यांपैकी किमान दोन शब्द. आकडेवारीच्या साच्यात तर टक्क्यांसमोर रिकामी जागा सोडलेली होती. जो आकडा आठवेल तो भरायचा.

मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसले. "आपा, हे मेंदीचे छापे आहेत. हातावर ठेवायचे आणि कोन फिरवायचा."

"मग? छाप्यानं मेंदी रंगत न्हाई का?"

"रंगते. पण सगळ्यांच्या हातावर एकच वेल."

"तुला काय जातं बोलायला," ती म्हणाली. "तुझ्या घरात भाषण होतं, छोटी. तू तोंड उघडलं की परिच्छेद पडतो. आमच्या घरात माप होतं. छाती अडतीस, बाही चोवीस, खलास. मला सुरुवात कुठून करायची हेच कळत न्हाई कोऱ्या कागदावर. साचा हाय म्हणून पेन उचलतं."

मला ते पटलं नव्हतं. मला वाटायचं, समाजाबद्दल लिहिताना विचार न करता लिहिलेलं वाक्य म्हणजे एक प्रकारचं खोटं बोलणं. दुष्काळ असो, जात असो, बाईचं जगणं असो, सगळ्याचा शेवट 'समतोल व सर्वसमावेशक धोरणाची गरज आहे' असा करणाऱ्याला अधिकारी करू नये, असं माझं स्पष्ट मत होतं. अजूनही आहे.

त्या वर्षी लातूरच्या एका संस्थेने मोफत निवासी बॅच जाहीर केली. राहणं, जेवण, ग्रंथालय आणि रोज लिहिलेली उत्तरं तपासून मिळणार. निवड एका लेखी परीक्षेवर: समाजशास्त्रीय विषयांचा अर्धा पेपर, दहा प्रश्न, दीड तास. पाच प्रश्न दीडशे शब्दांचे, पाच अडीचशे शब्दांचे. त्यातून काही जणांना बोलावून त्यांच्याच उत्तरपत्रिकेवर चर्चा, आणि मग यादी.

आपासाठी हा शेवटचा फाटा होता. जळकोटच्या एका शाळेत तिला कंत्राटी शिक्षिकेची जागा मिळत होती. मोठ्या भावाने सरळ सांगितलं होतं की नांदेडची खोली आणि अभ्यासिका आणखी एक वर्ष झेपणार नाही. लातूरला नंबर लागला तर खुशाल जा, नाहीतर पुढच्या महिन्यात जळकोटला रुजू हो. तो रागावून बोलला नव्हता, हिशेब मांडून बोलला होता. म्हणूनच तिला त्याच्याशी भांडता येत नव्हतं. "नोकरी वाईट न्हाई," ती म्हणायची. "पण एकदा शाळेत गेले की मी पेपर लिहायची न्हाई. मला माझं माहिती हाय."

आम्ही तयारीला लागलो. नांदेडमध्ये निवृत्त झालेले एक प्राध्यापक होते, समाजशास्त्राचे. रविवारी सकाळी त्यांच्या घराच्या ओसरीवर ते पाच-सहा जणांच्या वह्या बघत. त्यांची तपासण्याची एक पद्धत होती. ते उत्तर वरून खाली वाचत नसत. जवळ एक जुनं पुठ्ठ्याचं फाइलचं कव्हर असे. त्याने ते प्रश्न आणि प्रस्तावना झाकत, मधला भाग वाचत आणि विचारत, "याच्यावरून सांगा, प्रश्न काय होता?" दुसऱ्या कुणीतरी ओळखायचं. ओळखता आला नाही तर उत्तर गेलं.

आपाचं उत्तर त्यांनी हातात घेतलं तेव्हा मात्र त्यांनी उलट केलं. तिच्या पाच उत्तरांचे मधले भाग झाकले आणि फक्त प्रस्तावना वाचत गेले. मग एका प्रस्तावनेवर बोट ठेवून म्हणाले, "ही बालविवाहाच्या प्रश्नाची. ही आपण शहरीकरणाला लावू. बघा बसते का."

बसली. 'भारतीय समाज हा विविधतेने नटलेला असून कुटुंब, जात व धर्म या संस्थांचा त्यावर खोल प्रभाव आहे.' ती आरक्षणालाही बसली, वृद्धांच्या प्रश्नालाही बसली. ओसरीवरचे सगळे हसायला लागले. आपाही हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

"बाई," सर म्हणाले, "जी प्रस्तावना सगळीकडं बसते, तिला कुठंच जागा नसते. अडीचशे शब्दांतले वीस तुम्ही देशाची ओळख करून देण्यात घालवले. तपासणारा याच देशात राहतो."

मग माझी पाळी आली. सरांनी माझं उत्तर वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "घरी कुणी वकील आहेत का?"

"नाही. वडील संघटनेत आहेत."

"तरीच. तुमचं उत्तर निकालापासून सुरू होतं. पहिल्याच ओळीत आरोपी दोषी. खटला कुठाय? आणि शब्द मोजले का? साडेतीनशेच्या खाली नाही हे."

मी म्हणाले, "सर, काही गोष्टी अडीचशे शब्दांत सांगणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे."

"पत्रक केवढं असतं?"

"एका पानाचं."

"पाठीमागं छापतात?"

"नाही. खर्च वाढतो. बाबा शब्द कापतात."

"मग शब्दमर्यादा तुमच्या घरीच जेवायला बसते की," ते म्हणाले. ओसरी पुन्हा हसली. या वेळी कान माझे लाल झाले.

सरांचं शिकवणं साधं होतं. आधी प्रश्न फोडायचा. विषय काय, त्यावर बंधन काय आणि क्रियापद काय, या तीन गोष्टींखाली रेघ. 'विशद करा' असेल तर समजावून सांगायचं. 'चर्चा करा' असेल तर एकापेक्षा जास्त बाजू आल्या पाहिजेत. 'चिकित्सक परीक्षण करा' असेल तर बाजू मांडून तोलायच्या आणि कुठलं पारडं का जड, ते सांगायचं. मग शब्दांची वाटणी. अडीचशेमधले तीस-चाळीस प्रस्तावनेला, तेवढेच निष्कर्षाला, उरलेले मुख्य भागाला. दीडशेच्या उत्तरात प्रस्तावना एका वाक्यात, फार तर दोन. वेळेचंही तसंच: लहान उत्तराला सात मिनिटं, मोठ्याला अकरा. "प्रस्तावना म्हणजे दार," असं सगळे क्लास सांगतात. सर तसं काही म्हणायचे नाहीत. ते म्हणायचे, "पहिल्या दोन वाक्यांत मला कळू द्या की तुम्ही प्रश्न वाचलाय. बस्स."

एक प्रश्न आम्ही तीन रविवार लिहिला: पुरुषांच्या स्थलांतरामुळे गावात मागे राहिलेल्या स्त्रियांच्या स्थानावर झालेल्या परिणामांचे चिकित्सक परीक्षण करा. आपाची पहिली प्रस्तावना देशाच्या विविधतेपासून सुरू झाली. दुसरीत स्थलांतराची व्याख्या होती. तिसऱ्या रविवारी तिने लिहिलं: 'पुरुष कामासाठी गाव सोडतो तेव्हा शेत, रेशन आणि शाळेची सभा घरातल्या स्त्रीकडे येते, जमिनीवरचे नाव आणि विक्रीचा निर्णय मात्र बहुधा येत नाही. त्यामुळे तिची जबाबदारी वाढते तितकी सत्ता वाढते का, हे तपासावे लागते.'

सरांनी ते मोठ्याने वाचलं आणि इतर प्रश्नांना लावून पाहिलं. कुठेच बसेना. त्यांनी वही परत दिली. परत येताना आपा रिक्षात म्हणाली, "हे माझ्या मामीचं हाय. मामू हैदराबादला होते तेव्हाचं. मी पुस्तकातलं काहीच न्हाई लिहिलं."

"म्हणूनच ते दुसरीकडे कुठे बसलं नाही."

"पण उशीर लई लागला गं. साच्यानं लिहिते तर मिनिटात होते प्रस्तावना. हे लिहायला माझी पाच मिनिटं गेली."

खरी अडचण ती होती. विचार करून लिहायला लागल्यापासून आपाचा पेपर पुरा होईना. सर दर रविवारी घड्याळ लावून दहा प्रश्न देत, आणि तिच्या शेवटच्या दोन-तीन उत्तरांना निष्कर्षच नसे. मधला भाग चांगला, आणि मग वाक्य अर्ध्यात तुटलेलं. सर तिथे मार्क कापत. "उत्तर बंद झालं नाही," एवढंच समासात लिहीत. मी म्हणायची, मधला भाग थोडा आखूड कर. ती म्हणायची, "कुठला मुद्दा मारू? सांग." आणि खरंच, मारण्यासारखा एकही नसे.

लातूरच्या परीक्षेच्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीने निघालो. लोहा मागे पडल्यावर आपाने आवाज बारीक करून मला सांगितलं, "छोटी, मी एक ठरवून राहिले. आधी दहाच्या दहा प्रस्तावना आन् निष्कर्ष लिहून टाकते. मग मधलं भरते. म्हणजे कुठलंच उत्तर उघडं न्हाई राहणार."

"निष्कर्ष आधी? मध्ये काय निघणार आहे हे माहीत नसताना?"

"माहिती कसं न्हाई? अभ्यास झालाय की आपला."

"आपा, ही तर आमच्या बाबांची पद्धत झाली. मागणी आधी, कारणं नंतर."

"तुझ्या बाबांचे मोर्चे यशस्वी व्हतात ना?"

"कधी कधी."

"मग गप बस. केळ खा."

अहमदपूरला एसटी थांबली तेव्हा ती बोटांवर हिशेब करत होती. दहा प्रस्तावना, दहा निष्कर्ष, अर्धा तास. उरलेल्या तासात दहा मुख्य भाग. सरांना तिने हे विचारलं नव्हतं. ते काय म्हणतील याची तिला कल्पना असावी.

परीक्षेच्या हॉलमध्ये ती माझ्या पुढच्या रांगेत तिरकी बसली होती. उत्तरपत्रिका छापील होती: वर प्रश्न, खाली उत्तरासाठी आखलेल्या ओळी, लहान उत्तराला दोन पानं, मोठ्याला तीन. दिलेल्या जागेबाहेर किंवा समासात लिहिलेलं तपासलं जाणार नाही, अशी ठळक सूचना होती. मी पहिल्या प्रश्नात गुंतले होते आणि मला पुढून पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. आपा प्रत्येक उत्तराच्या वरच्या ओळी भरत होती आणि एकदम शेवटच्या पानाच्या तळाशी जात होती. मधला कोरा भाग तिने रिकाम्या घरासारखा मागे सोडला. अर्ध्या तासाने ती परत पहिल्या पानावर आली. मग आवाज थांबला. ती शांतपणे लिहू लागली आणि मीही तिला विसरले.

पुढचं मला तिने नंतर, बसस्थानकाजवळच्या हॉटेलात सांगितलं. मधल्या भागांचं काम छान चाललं होतं. सातवा प्रश्न अडीचशे शब्दांचा होता: एकत्र कुटुंबपद्धतीचा ऱ्हास होत आहे की तिचे केवळ स्वरूप बदलत आहे? चिकित्सक परीक्षण करा. तिचा निष्कर्ष तळाच्या पाच ओळींत आधीच बसलेला होता: औद्योगिकीकरण आणि शहरीकरणामुळे एकत्र कुटुंबपद्धती लोप पावत असून विभक्त कुटुंब हेच आजचे वास्तव आहे, म्हणून समतोल धोरण वगैरे. वर्षानुवर्षांचा साचा. हात आपोआप लिहून गेला होता.

मुख्य भागात तिने आधी ऱ्हासाची बाजू लिहिली: नोकरीसाठी वेगळी घरं, लहान होत गेलेली घरं, सुनेला हवं असलेलं स्वातंत्र्य. मग दुसरी बाजू लिहायला घेतली. आणि लिहिता लिहिता तिला स्वतःचंच घर दिसायला लागलं. दोन भाऊ वेगळ्या गल्ल्यांत राहतात, दोन चुली आहेत, पण दुकान एकच. मोठ्याच्या पोरीची फी धाकटा भरतो. आईच्या औषधांचा निर्णय तिघं भावंडं मिळून फोनवर घेतात. लग्न कुणाचंही असो, खर्च सगळ्यांच्यात वाटला जातो. शिरगणतीला दोन कुटुंबं, व्यवहारात एकच. तिने ते घराचं नाव न घेता लिहिलं: निवास आणि चूल विभक्त झाली तरी मालमत्ता, खर्च आणि निर्णय अनेकदा संयुक्त राहतात, म्हणून नुसत्या निवासावरून कुटुंबाचा प्रकार ठरवता येत नाही. मग हेही लिहिलं की या जोडणीचा भार सगळ्यांवर सारखा नसतो, घरातल्या बायकांवर तो जास्त असतो. लिहिताना तिला मजा येत होती, असं ती म्हणाली. परीक्षेत मजा येणं तिला नवीन होतं.

मग मुख्य भाग संपला, चार ओळी मोकळ्या राहिल्या आणि खाली तिचा निष्कर्ष उभा होता, स्वतःच्याच उत्तराला नाही म्हणणारा.

"मी त्याच्याकडं बघतच राहिले," ती म्हणाली. चहा तिच्यासमोर गार होत होता. "मला वाटलं दुसऱ्या कुणाचं उत्तर हाय."

"मग?"

"मग घड्याळ बघितलं. लई कमी वेळ, आन् तीन उत्तरं पोकळ. वर प्रस्तावना, खाली निष्कर्ष, मधी मैदान."

तसंच पुढे जाता आलं असतं. तपासणारा घाईत असेल तर विसंगती कदाचित सुटूनही गेली असती. अभ्यासिकेतल्या कुणीही तिला हाच सल्ला दिला असता: पुढं चल, तीन उत्तरं भर, एका निष्कर्षाचा एखादा मार्क जाईल. हिशेब सरळ होता आणि आपा हिशेबी घरची होती.

तिने त्या पाच ओळींवर आडवी रेघ मारली. खाली जागा नव्हती. मग उरलेल्या चार ओळींत तिने निष्कर्ष नव्याने लिहायला घेतला, आणि तो पटकन सुचेना. पहिल्यांदाच तिला साच्याबाहेरचा निष्कर्ष घड्याळासमोर लिहायचा होता. तिने लिहिलं: 'म्हणून एकत्र कुटुंब संपत आहे असे म्हणण्यापेक्षा ते एका छताखालून निघून व्यवहारात टिकून आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. मात्र ज्या बायकांच्या श्रमावर ते टिकले आहे, त्यांना त्यातील निर्णयात वाटा मिळतो का, यावर त्याचे भवितव्य ठरेल.' त्यात तिचा बराच वेळ गेला. आठवा आणि नववा प्रश्न तिने कसाबसा भरला. दहाव्यात दोन मुद्दे झाले आणि घंटा झाली. दहावं उत्तर तसंच राहिलं, वर नीटनेटकी प्रस्तावना, तळाशी नीटनेटका निष्कर्ष आणि मधे पानभर कोऱ्या ओळी.

"आतलं काहीच न्हाई आन् दोन्हीकडून दरवाजे बंद," आपा म्हणाली. ती हसत होती, पण नंतर ओढणीने तोंड पुसण्याच्या निमित्ताने बराच वेळ चेहरा झाकून बसली. "जळकोटला एसटी इथूनच जाती ना गं?"

मला फार राग आला होता. तिचा नाही. ज्या पद्धतीत विचार बदलायला मिनिटं पुरत नाहीत आणि न बदलणाऱ्याचा पेपर वेळेत पुरा होतो, त्या पद्धतीचा. मी तिथल्या तिथे बरंच बोलले. हॉटेलवाला दोनदा वळून बघून गेला. आपाने माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शब्दमर्यादा."

चर्चेला बोलावलेल्यांच्या यादीत आम्हा दोघींचीही नावं होती. आपाला ते खरं वाटेना. पुन्हा लातूर. एका खोलीत तपासणाऱ्या मॅडम बसल्या होत्या. दार उघडंच होतं आणि बाहेरच्या बाकावर पुढचा उमेदवार बसायचा. आपाच्या नंतर माझा नंबर असल्याने मला आतलं सगळं ऐकू येत होतं.

मॅडमनी आधी दहावं उत्तर काढलं. "हे काय आहे? प्रस्तावना आहे, निष्कर्ष आहे. मधे माणूस कुठं गेला?"

आपाने जे केलं ते जसंच्या तसं सांगितलं. साचे, आधी लिहिलेले निष्कर्ष, सगळं. मी बाहेर बसून मनात म्हणत होते, आपा, एवढं नको सांगू.

"म्हणजे दहाही निष्कर्ष तुम्ही उत्तर लिहिण्याआधी लिहिलेत?"

"हाव मॅडम. पेपर पुरा होत न्हाई माझा."

"आणि सातव्याचा खोडलात. का?"

"मधला भाग लिहिला तेव्हा तो चुकीचा निघाला."

"मधला भाग बदलायचा. निष्कर्ष तर तयार होता."

"मधला भाग बरोबर होता, मॅडम."

"त्याच्यात दहावं उत्तर गेलं तुमचं. वाईट वाटतं का?"

"मार्कांचं लई वाटतं," आपा म्हणाली. "खोडल्याचं न्हाई वाटत."

आत कागदांची सळसळ झाली. मग मॅडम म्हणाल्या, "पहिल्या सहा उत्तरांत तुमचे तीन निष्कर्ष वरच्या मजकुराशी जुळत नाहीत. ते तुमच्या लक्षातही आलं नाही. एकच आलं. इथं आलात तर आधी लिहायची ही सवय मोडावी लागेल. मुद्दे कच्च्या जागेत लिहा, उत्तर कुठं चाललंय ते दोन शब्दांत ठरवा, मग लिहा. चालेल?"

"चालेल," आपा म्हणाली. तिच्या आवाजावरून मला कळेना की तिला झापलं गेलंय की घेतलं गेलंय. तिलाही कळलं नव्हतं.

माझी चर्चा लवकर आटोपली. मॅडमनी चार उत्तरांवर मला शेरा दाखवला: शब्दमर्यादा ओलांडली, पुढील भाग तपासला नाही. माझा सगळा दारूगोळा त्या पुढील भागात होता. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो पहिल्या पानावर आणायला शिका. तुमच्याकडं म्हणणं आहे. पण ते ऐकायला मी तिथवर पोचलेच नाही." त्यावरही मला उत्तर द्यायचं होतं, पण ते लांबच झालं असतं.

आम्ही रात्री लातूरलाच थांबलो आणि यादी दुसऱ्या दिवशी दुपारी संस्थेतच लागली. आपाचं नाव शेवटून तिसरं होतं. माझं नव्हतं. आपा आधी माझ्याकडे बघत राहिली, आनंद करावा की नाही असं. मी तिला म्हणाले, "आता साच्यातलं रडू काढू नकोस. फोन लाव घरी."

तिने तिथेच, जिन्यात उभं राहून मोठ्या भावाला फोन लावला. मशिनचा आवाज येत होता. तो दुकानात होता. तिने सांगितलं. पलीकडे मशिन थांबली. मग त्याने नेमकं विचारलं की जेवण खरंच फुकट आहे का, खोलीत किती जणी, आणि परीक्षा कधी. तिने एकेक सांगितलं. दहाव्या प्रश्नाचंही सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही.

तो हसला असावा, कारण ती चिडली. "हसू नको रे भाईजान."

"बरं, न्हाई हसत," फोनमधून आवाज आला. आपाने आता फोन स्पीकरवर टाकला होता. "जळकोटवाल्या हेडमास्तरांना मी सांगतो, पोरगी येत न्हाई म्हणून. अन् ऐक. बाहीबिही सोडून नुसतीच गळपट्टी लावून नको येऊ दर वेळेला. आख्खा सदरा शिव."

"हाव," आपा म्हणाली.

मी संध्याकाळच्या एसटीने एकटी नांदेडला परतले. आपा सामान घ्यायला रविवारी येणार होती. खिडकीशी बसून मी चर्चेनंतर परत मिळालेली माझी उत्तरपत्रिका काढली, त्या चार उत्तरांपैकी एक समोर धरलं आणि पहिल्या पानावरचे मला न लागणारे शब्द पेन्सिलीने कापायला लागले. चाकूर येईपर्यंत पुष्कळ कापले गेले होते. जे उरलं, ते मला आधीपेक्षा जास्त रागीट वाटलं.